लोकल रखडली आहे: टीम लीडला गाडीतून मेसेज कसा पाठवायचा

माझी मावसबहीण मिरजेहून मुंबईत नोकरीला आली तेव्हा पहिल्या महिन्यात तिने टीम लीडला पाठवलेला मेसेज तीन शब्दांचा होता: "मॅडम ट्रेन लेट." मॅडमचं उत्तर त्याहून छोटं होतं: "किती?" तोवर बहिणीचा फोन पर्समध्ये, पर्स पोटाशी आणि पोट समोरच्या बाईच्या पाठीला टेकलेलं. ठाण्यापर्यंत तिला फोन काढताच आला नाही. ऑफिसात पोहोचली तेव्हा मॅडम रागावलेल्या नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, "तू कधी येणार हेच कळेना, म्हणून तुझं काम दुसऱ्याला दिलं."

मुंबईत लोकल उशिरा येते हे टीम लीडला सांगावं लागत नाही, तोही बहुधा लोकलनेच आलेला असतो. त्याला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: तुम्ही जागेवर किती वाजता दिसाल, आणि तोवर तुमच्या कामाचं काय. तो आकडा काढायचा कसा आणि तो गर्दीतून पाठवायचा कसा, एवढंच या लेखात आहे. उदाहरण डोंबिवलीहून कुर्ल्यामार्गे बीकेसीला जाण्याचं घेतलं आहे, कारण रोज हाच रस्ता माझ्या डोळ्यांसमोर असतो. विरार किंवा पनवेलवाल्यांनी स्टेशनांची नावं बदलून घ्यावीत.

आधी घरी बसून करायची एक गोष्ट

एखाद्या निवांत सकाळी स्वतःच्या प्रवासाचे तीन तुकडे करून वेळ लिहून ठेवा. बहिणीचे तुकडे असे होते: डोंबिवली ते ठाणे फास्ट गाडीने साधारण २० मिनिटं, ठाणे ते कुर्ला आणखी २० ते २२, आणि कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाची रांग धरून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत २५. हे आकडे वेळापत्रकातून घेऊ नका. स्वतःच्या घड्याळावर चार-पाच दिवस पाहून घ्या. जिना उतरायला लागणारी मिनिटं वेळापत्रकात नसतात.

दुसरं काम फोनच्या कीबोर्डमध्ये. गर्दीत एका अंगठ्याने लांब मजकूर लिहिता येत नाही. अँड्रॉइडवर Gboard असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Dictionary` आणि त्यात `Personal dictionary` असं पान आहे. तिथे आपली भाषा निवडून अधिकच्या चिन्हावर टॅप केलं की एक वाक्य आणि त्याचं छोटं रूप साठवता येतं. आयफोनवर हीच सोय `General`, `Keyboard`, `Text Replacement` या वाटेने मिळते. बहिणीने "गाले" ही दोन अक्षरं ठेवली आहेत. ती टाईप केली की वर सुचवणीत असं वाक्य येतं:

"मॅडम, गाड्या उशिरा आहेत. सध्या __ ला आहे. ऑफिसला __ पर्यंत पोहोचेन. तोवर __."

तीन जागा भरायच्या, बस्स. या तीन जागांची उत्तरं पुढे येतील.

मिनिटं लिहू नका, वाजले किती ते लिहा

नवीन माणूस बहुतेक वेळा "२० मिनिटं उशीर होईल" असं लिहितो. त्यात दोन घोटाळे आहेत. एक म्हणजे २० मिनिटं कशापासून मोजायची? शिफ्टच्या वेळेपासून, नेहमी येता त्या वेळेपासून, की मेसेज लिहिला तेव्हापासून? दुसरा घोटाळा नेटवर्कचा. रखडलेल्या गाडीत हजारो माणसं एकाच टॉवरवर एकदम फोन उघडतात. तुमचा व्हॉट्सॲप मेसेज मग गेलेला नसतो, त्याच्या शेजारी छोटं घड्याळ दिसत राहतं. रेंज आली की तो आपोआप जातो, पण तेव्हा पंधरा मिनिटं उलटलेली असतात आणि "२० मिनिटं" हा आकडा खोटा झालेला असतो. "१०:१० पर्यंत पोहोचेन" हे वाक्य मात्र उशिरा पोहोचलं तरी तितकंच खरं राहतं.

पाठवल्यावर घड्याळाच्या जागी एक टिक आली का ते पाहून मगच फोन आत ठेवा. पुढच्या स्टेशनपर्यंतही घड्याळच दिसत असेल तर तेच वाक्य साध्या एसएमएसने पाठवा. डेटा अडकलेला असताना एसएमएस अनेकदा निघून जातो.

कारण ओळखायचं कशावरून

कारण मेसेजमध्ये चार शब्दांपेक्षा जास्त नको. पण तुम्हाला ते कळायला हवं, कारण किती वेळ धरायचा हे त्यावर ठरतं. स्टेशनवर उद्घोषणा होते, इंडिकेटरवरची वेळ पुढे सरकत जाते, आणि मध्य व पश्चिम रेल्वेच्या एक्सवरच्या खात्यांवर मोठा बिघाड असेल तर बहुधा लिहिलेलं असतं. मध्य रेल्वेच्या यात्री ॲपमध्ये गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. एम-इंडिकेटरवर प्रवासी एकमेकांना सांगत असतात. ते उपयोगी आहे, पण तिथल्या अफवा जशाच्या तशा लीडला पाठवू नका.

उद्घोषणा "सिग्नल यंत्रणेत बिघाड" म्हणत असेल तर गाड्या पूर्ण थांबत नाहीत, एकामागोमाग रांग लावून सरपटतात. अशा वेळी प्रत्येक तुकड्यात उशीर भरत जातो, पण प्रवास होतो. काही वेळा फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात. मग पुढची गाडी स्लो असेल तर तिच्या प्रत्येक थांब्यामागे तुमची फास्टही उभी राहते.

ओव्हरहेड वायर तुटली, पेंटाग्राफ अडकला किंवा रुळाला तडा गेला असं कानावर आलं तर हिशेब वेगळा. दुरुस्तीची माणसं जागेवर पोहोचेपर्यंत त्या मार्गावर काहीच हलत नाही. रुळाला तडे जाण्याच्या बातम्या थंडीत जास्त येतात, कारण लोखंड आकसतं. डब्यातले पंखे आणि दिवे बंद होऊन तसेच राहिले तर वीजच गेली असं समजा. काही सेकंद बंद होऊन परत आले तर घाबरू नका. विजेचा एक विभाग संपून दुसरा सुरू होतो तिथे असं रोजच होतं, नवीन माणूस मात्र तेवढ्यात लीडला मेसेज करून मोकळा होतो.

पावसात रुळांवर पाणी साचलं असेल तर मात्र अंदाज देऊच नका. कुर्ला, शीव, चुनाभट्टी, तिकडे नालासोपारा, ही नावं उद्घोषणेत आली आणि पाऊस थांबलेला नसेल, तर "१०:३० ला पोहोचेन" हे वाक्य म्हणजे निव्वळ आशा. त्या दिवशी लिहावं: "पाणी साचल्याने गाड्या बंद आहेत, मी अजून डोंबिवलीतच आहे. घरून काम सुरू करू का?" हा प्रश्न प्लॅटफॉर्मवर असताना विचारला तर परवानगी सहसा मिळते. दिव्याजवळ गाडीत अडकल्यावर विचारून काय उपयोग?

एक गोष्ट निक्षून सांगते. कुणीतरी रुळावर सापडलं अशी कुजबुज डब्यात झाली तरी "ॲक्सिडेंट झालाय" असं लिहू नका. वाचणाऱ्याला पहिल्यांदा तुमचीच काळजी वाटते. त्याचा फोन येतो, तुम्हाला तो उचलता येत नाही, आणि काळजी वाढते. "गाडी थांबली आहे, मी ठीक आहे" एवढं पुरे.

एक सकाळ, हिशेबासकट

आता बहिणीची गेल्या पावसाळ्यानंतरची एक सकाळ. शिफ्ट ९:३० ची, टीमचा रोजचा कॉल १० वाजता. नेहमी ती ८:१५ च्या सुमाराची फास्ट पकडते, ९ च्या आत कुर्ला आणि ९:२० ला जागेवर. म्हणजे हाताशी दहा मिनिटं असतात.

त्या दिवशी ८:१५ ची गाडी ८:२५ झाले तरी आली नव्हती. इंडिकेटर पुढे सरकत होता आणि उद्घोषणा सिग्नल बिघाडाची होती. दहा मिनिटांची शिल्लक संपली, हाच पहिला मेसेज पाठवायचा क्षण. गाडीत चढल्यावर पाठवू असं म्हणू नका. प्लॅटफॉर्मवर हात मोकळे असतात, रेंज असते आणि डोकं शांत असतं.

तिने हिशेब असा केला. गाडी ८:३० नंतर येईल. ठाणे ८:५२, पण सिग्नलमुळे दहा मिनिटं वाढवून ९:०२. तिथून कुर्ला ९:२४. आता खरी मेख पुढे आहे. कुर्ल्याहून एरवी २५ मिनिटं लागतात, पण गाड्या रखडल्या की दोन-तीन गाड्यांची माणसं एकदम उतरतात आणि शेअर रिक्षाची रांग पुलाच्या जिन्यापर्यंत येते. म्हणून २५ ऐवजी ४०. झाले १०:०४. वरच्या पाचाच्या किंवा दहाच्या आकड्याला नेऊन १०:१०.

शेवटचा तुकडा वाढवायला सगळेच विसरतात. गाडी पंधरा मिनिटं उशिरा म्हणजे मीही पंधरा मिनिटं उशिरा, असं मुंबईत फार क्वचित होतं. अंधेरीला मेट्रोची रांग, दादरला पूल, ठाण्याला बसचा थांबा, प्रत्येक ठिकाणी गाडीचा उशीर फुगतो.

मेसेज असा गेला:

"मॅडम, सिग्नल बिघाडामुळे गाड्या उशिरा आहेत. सध्या डोंबिवलीला आहे. ऑफिसला १०:१० पर्यंत पोहोचेन. १० च्या कॉलला रिक्षात असेन, ऐकू शकेन पण बोलता येणार नाही. माझं स्टेटस ९:४५ पर्यंत लिहून पाठवते. कालची शीट शेअर्ड फोल्डरमध्ये आहे."

"कॉल जॉइन करते" असं लिहिलं नाही याकडे लक्ष द्या. लेडीज डब्यात तिघींच्या मध्ये उभं राहून किंवा कुर्ल्याच्या रिक्षात बसून कॉलवर बोलणं म्हणजे सगळ्या टीमला हॉर्न ऐकवणं. जे जमेल तेच कबूल करावं. शीट कुठे आहे हे लिहिल्यामुळे मॅडमना परत विचारावं लागलं नाही.

मेसेज पाठवल्यावर तिने स्वतःसाठी एक खूण मनात ठेवली: ठाणे ९:०२. हिशेबात हे स्टेशन जितकं पुढे जाईल, तितकीच ऑफिसची वेळ पुढे जाणार. आणि एक नियम: ठाणं पंधरा मिनिटांहून जास्त चुकलं तरच दुसरा मेसेज. पाच-पाच मिनिटांनी "अजून दिवा", "आता मुंब्रा" असं कळवत राहिलात तर लीड तुमचे मेसेज वाचणं सोडून देतो.

गाडी ८:३२ ला आली. दिव्याच्या अलीकडे थांबली, हलली, परत थांबली. ९:१७ ला ती मुंब्र्यात होती. ठाण्याची खूण पंधरा मिनिटांनी चुकली होती. नवा हिशेब: ठाणे ९:२७, कुर्ला ९:५०, पुढे ४० म्हणजे १०:३०. या वेळी तिने दहा मिनिटं जास्त धरली. वेळ एकदा चुकली तर समजून घेतात, दोनदा चुकली की तुमच्या तिसऱ्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

"मॅडम, अजून मुंब्र्याला. १०:१० जमणार नाही, १०:४० धरा. कॉलचं स्टेटस: काल १२ पैकी ९ तक्रारी बंद, ३ ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबल्या आहेत, अडचण नाही."

स्टेटस याच मेसेजमध्ये टाकलं, कारण ९:४५ ला रेंज असेल की नाही कोण जाणे. मॅडमनी अंगठा पाठवला. बहीण १०:३४ ला पोहोचली. सहा मिनिटं आधी, आणि हे आधी येणंच लोकांच्या लक्षात राहतं.

फोन कुठे उभं राहून काढायचा

दारात नाही. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये हळू झाली की रुळांकडेला उभे असलेले चोर दारातल्या माणसाच्या हातावर काठीने फटका मारतात आणि पडलेला फोन उचलून पळतात. याला इथे फटका गँग म्हणतात. फोन जाण्यापेक्षा वाईट म्हणजे फटका चुकवताना तोल जातो. आतल्या बाजूला, सीटच्या कडेला पाठ टेकून फोन काढा, आणि तिथवर पोहोचता येत नसेल तर पुढच्या स्टेशनपर्यंत मेसेज थांबू द्या. चढण्याआधी फोन पर्सच्या किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि सॅक पुढे घेतली तर निम्मी अडचण सुटते.

गाडी बराच वेळ थांबली की काही जण रुळावर उड्या मारून चालायला लागतात. शेजारच्या रुळावरून गाडी येत असते. लीडला "चालत येतेय" असं कळवण्याइतकी कुठलीच मीटिंग मोठी नसते.

काय पाठवू नये

इंडिकेटरचा फोटो, गर्दीचा व्हिडिओ, लाइव्ह लोकेशन. नवीन लोकांना वाटतं पुरावा दिला की बरं. पण न मागता पुरावा दिला की तुमच्यावर संशय आहे असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. बॅटरी तर जातेच, शिवाय तुम्ही दुपारी जेवायला कुठे गेलात हेही दिसतं. मागितलं तर द्या. फक्त लेट मार्क लागणार असेल तर रेल्वेच्या पोस्टचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. नंतर हजेरीची दुरुस्ती मागताना तो आणि तुमच्या मेसेजची वेळ दोन्ही कामाला येतात.

माफीही एकदाच. "सॉरी सॉरी मॅडम खूप सॉरी" याने वाचणाऱ्याला वेळेच्या आकड्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो. मी तर सॉरी मेसेजमध्ये लिहीतच नाही, जागेवर पोहोचल्यावर तोंडाने म्हणते.

ग्रुपवर की वैयक्तिक? आधी लीडला वैयक्तिक. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काम अडणार असेल तर ग्रुपवर एक ओळ, कारण न देता: "मी १०:४० ला येतेय, तोवर तक्रारींची शीट बघून घ्याल का?" लीडला मराठी येत नसेल तर तोच क्रम हिंदीत ठेवा, "सर, ट्रेनें लेट हैं, मुंब्रा में हूँ, १०:४० तक ऑफिस पहुँचूँगी." क्रम महत्त्वाचा, भाषा जी त्यांच्याशी रोज बोलता ती.

रविवारची शिफ्ट

रविवारी मेगाब्लॉक असतो, पश्चिम मार्गावर त्याला जम्बोब्लॉक म्हणतात. देखभालीसाठी ठरावीक स्टेशनांदरम्यान काही तास गाड्या वळवतात किंवा बंद ठेवतात, आणि रेल्वे ते आधीच जाहीर करते. त्यामुळे रविवारी सकाळी "मेगाब्लॉकमुळे उशीर" हा मेसेज टिकत नाही. लीड विचारेल, काल पेपर वाचला नाही का? रविवारी कामावर जायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठे आहे ते पाहा, एक गाडी आधीची पकडा, आणि तीही जमणार नसेल तर मेसेज शनिवारी रात्रीच जाऊ द्या.

पोहोचल्यावर

"पोहोचले" हा एक शब्द, तोही लीड समोर दिसत नसेल तरच. गाडी कशी थांबली, कोण कसं भांडलं, ही कथा चहाच्या वेळेला. त्या दिवशी बहिणीने ती सांगितली तेव्हा कळलं की मॅडमही त्याच गाडीत होत्या, दोन डबे पुढे, आणि त्यांनीही आपल्या मॅनेजरला १०:४० च लिहिलं होतं.